महागाई भत्त्याच्या शासन निर्णयासोबत त्याचा हिशेबही द्यावा : वित्त विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, वित्त विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
तसेच राज्यातील सर्व आहरण व संवितरण अधिकारी

महोदय,

राज्य शासकीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ५३ टक्क्यांवरून ५५ टक्के करणारा शासन निर्णय ११ ऑगस्ट २०२५ रोजी निघाला. वाढीव दर १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि जानेवारी ते जुलै या सात महिन्यांची थकबाकी ऑगस्टच्या वेतनासोबत रोखीने देण्याचे ठरले. मी एका जिल्हास्तरीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत वेतन देयके तयार करण्याचे काम करते. असा शासन निर्णय निघाला की पुढचे दोन महिने माझ्या टेबलाशी एकच प्रश्न घेऊन सहकारी येत राहतात : माझ्या पगारात नेमके किती वाढले आणि ते बरोबर आहे हे मी कसे ओळखायचे? हा प्रश्न विचारणाऱ्यांत शिपाईही असतात आणि राजपत्रित अधिकारीही असतात. शासन निर्णयात दर, दिनांक आणि लेखाशीर्षे असतात, पण एका कर्मचाऱ्याचे एका महिन्याचे उदाहरण सोडवून दाखवलेले नसते. ते दाखवावे आणि थकबाकी देताना प्रत्येक कर्मचाऱ्याला तिचा महिनावार तक्ता द्यावा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही मागणी किरकोळ का नाही, हे पुढील हिशेबावरून आपल्या लक्षात यावे.

एका वरिष्ठ लिपिकाचे उदाहरण घेते. वेतनस्तर एस-८, जून २०२५ मधील मूळ वेतन ३५,३०० रुपये, आणि नेमणूक अशा गावी जिथे घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्के मिळतो. वाहतूक भत्ता १,३५० रुपये. जुन्या ५३ टक्के दराने महागाई भत्ता १८,७०९ रुपये आणि घरभाडे भत्ता ३,५३० रुपये होतो, म्हणजे एकूण वेतन ५८,८८९ रुपये. दर ५५ टक्के झाल्यावर महागाई भत्ता १९,४१५ रुपये होतो, बाकीचे आकडे जागचे हलत नाहीत, आणि एकूण वेतन ५९,५९५ रुपयांवर जाते. वाढ झाली ७०६ रुपयांची.

आता ‘दोन टक्के वाढ’ ही बातमी वाचणाऱ्याच्या मनात काय येते ते पाहावे. बहुतेक जण हातात असलेल्या एकूण वेतनाचे दोन टक्के काढतात. ५८,८८९ चे दोन टक्के म्हणजे जवळपास १,१७८ रुपये. प्रत्यक्षात वाढतात ७०६. उरलेले पावणेपाचशे रुपये कुठे गेले, असा संशय घेऊन लोक आमच्याकडे येतात. ते कुठेही गेलेले नसतात, कारण महागाई भत्ता केवळ मूळ वेतनावर मोजला जातो. त्याचा दर दोन टक्क्यांनी वाढला म्हणजे मूळ वेतनाच्या दोन टक्के एवढी रक्कम वाढली. घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीने असतो आणि वाहतूक भत्ता ठरावीक रकमेचा, त्यामुळे ५३ चे ५५ होताना या दोहोंत काहीच बदलत नाही. या वरिष्ठ लिपिकाचे एकूण वेतन त्यामुळे १.२ टक्के एवढेच वाढले. शेजारीपाजारी आणि सोसायटीत मात्र ‘तुम्हा सरकारी लोकांचा पगार दोन टक्के वाढला’ असेच बोलले जाते, आणि ते खोडून काढण्यासाठी कर्मचाऱ्याकडे दाखवायला कागद नसतो.

घरभाडे भत्त्याबाबत एक खुलासा करणे आवश्यक आहे. त्याचे दर महागाई भत्त्याशी जोडलेले आहेत, हे खरे आहे, परंतु तो संबंध पायऱ्यांचा आहे. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या वर गेल्यावर एकदा आणि ५० टक्क्यांच्या वर गेल्यावर पुन्हा एकदा, अशा दोनच वेळा शहरांच्या वर्गानुसार हे दर वाढतात. आरंभी ते २४, १६ आणि ८ टक्के होते, नंतर २७, १८ आणि ९ झाले आणि त्यानंतर ३०, २० आणि १०. ही शेवटची पायरी ओलांडलेली असल्यामुळे ५३ ते ५५ या प्रवासात घरभाडे वाढेल ही अपेक्षा चुकीची आहे. ज्या हप्त्यात पायरी ओलांडली जाते, त्या हप्त्यात मात्र एकूण वेतन नेहमीपेक्षा बरेच अधिक वाढते, आणि ती आठवण मनात असल्यामुळेच पुढचा साधा हप्ता लोकांना कमी वाटतो.

पडताळणीची एक सोपी रीत मी सहकाऱ्यांना सांगत असते, ती इथेही नोंदवते. सातव्या वेतन आयोगाच्या वेतन मॅट्रिक्समधील सर्व मूळ वेतने शंभराच्या पटीत आहेत. त्यामुळे मूळ वेतनाची शेवटची दोन शून्ये काढली की महागाई भत्त्याच्या एका टक्क्याची रक्कम मिळते. ३५,३०० मूळ वेतन असेल तर एक टक्का म्हणजे ३५३ रुपये आणि दोन टक्के म्हणजे ७०६ रुपये. एस-१ या सर्वांत खालच्या स्तरावर १५,००० रुपये मूळ वेतनाने नुकत्याच रुजू झालेल्या शिपायाला ३०० रुपये मिळतात, आणि ६७,७०० रुपये मूळ वेतन घेणाऱ्या अधिकाऱ्याला १,३५४ रुपये. पूर्ण महिना कामावर असलेल्या कर्मचाऱ्याच्या महागाई भत्त्यात पैशांचा अपूर्णांक येऊच शकत नाही. तसा आकडा दिसला, किंवा भत्त्याला ५५ ने भागल्यावर शून्ये काढलेले मूळ वेतन मिळाले नाही, तर मूळ वेतनाची नोंद चुकली आहे, दर जुनाच राहिला आहे किंवा त्या महिन्यात बिनपगारी रजा लागली आहे, या तिहींपैकी काहीतरी घडलेले असते. हे समजण्यासाठी लेखाशास्त्राचे ज्ञान लागत नाही. पण ही रीत कुठेही छापलेली नाही, हे दुर्दैव आहे.

खरा गोंधळ होतो तो थकबाकीत, आणि तिथेच मला थोडे थांबून लिहायचे आहे. आपल्या वरिष्ठ लिपिकाला १ जुलै २०२५ रोजी वार्षिक वेतनवाढ मिळाली आणि मूळ वेतन ३५,३०० वरून ३६,४०० रुपये झाले. शासन निर्णय ऑगस्टमध्ये आलेला असल्यामुळे जुलैचे वेतन नव्या मूळ वेतनावर, परंतु जुन्या ५३ टक्के दराने निघाले. ते एकूण ६०,६८२ रुपये होते, म्हणजे जूनपेक्षा १,७९३ रुपयांनी जास्त. ही सगळी वाढ वेतनवाढीची होती : मूळ वेतनात १,१००, त्यावरच्या महागाई भत्त्यात ५८३ आणि घरभाड्यात ११० रुपये. त्यानंतर ऑगस्टमध्ये ५५ टक्के दर लागू झाल्यावर एकूण वेतन ६१,४१० रुपये झाले, जुलैपेक्षा ७२८ रुपयांनी अधिक. सोबत सात महिन्यांची थकबाकी आली. तिच्यात जानेवारी ते जून या सहा महिन्यांचे प्रत्येकी ७०६ रुपये, म्हणजे ४,२३६, आणि जुलैचे ७२८ रुपये, असे मिळून ४,९६४ रुपये असायला हवेत. म्हणजे ऑगस्टमध्ये एकत्रित रक्कम ६६,३७४ रुपये दिसली आणि सप्टेंबरमध्ये ती पुन्हा ६१,४१० वर आली.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकाच माणसाच्या एकूण वेतनाचे आकडे ५८,८८९, ६०,६८२, ६६,३७४ आणि ६१,४१० असे वरखाली झाले, आणि त्यांतला महागाई भत्त्याच्या दरवाढीचा वाटा कोणता, हे त्याला कुणीही लिहून दिलेले नाही. सप्टेंबरमध्ये ‘माझा पगार कमी का झाला’ म्हणून आलेल्या सहकाऱ्याला समजावताना प्रत्येक वेळी कोऱ्या कागदावर हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. कार्यालयात पन्नास माणसे असली तर तो पन्नास वेळा मांडावा लागतो, आणि ज्यांना विचारण्याचा संकोच वाटतो ते न विचारताच घरी जातात.

चुका होतात त्याही याच जागी. थकबाकी काढताना एकच मूळ वेतन धरून त्याला सातने गुणण्याचा मोह होतो. ३५,३०० धरले तर ४,९४२ रुपये निघतात आणि कर्मचाऱ्याचे २२ रुपये बुडतात. ३६,४०० धरले तर ५,०९६ निघतात, म्हणजे १३२ रुपये जास्त दिले जातात आणि पुढे लेखापरीक्षणात त्यांची वसुली लागते. रक्कम लहान आहे हे मान्य, पण ज्याला वर्षाच्या मध्यात पदोन्नती मिळाली, ज्याची वेतननिश्चिती मागील तारखेने सुधारली किंवा जो दोन महिने बिनपगारी रजेवर होता, त्याच्या बाबतीत हीच चूक शेकड्यांत जाते. ज्याची मार्चमध्ये एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, त्याच्या पहिल्या तीन महिन्यांची थकबाकी जुन्या कार्यालयाने काढायची की नव्या, यावर दोन्ही कार्यालयांत पत्रव्यवहार सुरू होतो आणि कधी कधी ती रक्कम कोणीच काढत नाही. महिनावार तक्ता हातात असेल तर सुटलेले महिने कर्मचाऱ्याला स्वतःच दिसतील. एकच ठोक आकडा असेल तर त्याच्या पोटात काय दडले आहे ते त्याला कधीच कळणार नाही.

हातात पडणाऱ्या रकमेचा भाग याहून वेगळा आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेला आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेला कर्मचारी मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के अंशदान भरतो. महागाई भत्ता ७०६ रुपयांनी वाढला की अंशदानही सुमारे ७१ रुपयांनी वाढते, त्यामुळे हाती येणारी वाढ ६३५ रुपयांच्या आसपास राहते. व्यवसाय कर आणि गटविमा यांच्या रकमा ठरावीक असल्याने त्या हलत नाहीत. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील सहकाऱ्याच्या वेतनातून हे अंशदान कापले जात नाही, म्हणून एकाच स्तरावर, एकाच मूळ वेतनावर शेजारी बसणाऱ्या दोघांच्या खात्यांत वेगवेगळी वाढ जमा होते. त्यामागे अन्याय शोधण्याचे कारण नाही, परंतु कारण माहीत नसेल तर मनात शंका येतेच.

यात एक गोष्ट मात्र काळजीने पाहण्यासारखी आहे. अंशदानाची कपात थकबाकीवरही होते. आपल्या उदाहरणातील ४,९६४ रुपयांवर कर्मचाऱ्याचे सुमारे ४९६ रुपये कापले जातात, आणि शासनाने आपला १४ टक्के वाटा म्हणून सुमारे ६९५ रुपये त्यात घालायचे असतात. कपात वेतनचिठ्ठीवर दिसते, पण शासनाचा वाटा खात्यात पोहोचला का, हे वेतनचिठ्ठीवरून कळत नाही. तो जमा झाला की नाही हे पाहायचे तर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील आपल्या प्राण खात्याचे विवरण उघडून त्या महिन्यात थकबाकीपोटी दोन्ही नोंदी आहेत का, हे तपासावे लागते. नियमित महिन्याच्या नोंदी लोक पाहतात, थकबाकीच्या नोंदी पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. थकबाकीच्या तक्त्यातच कर्मचाऱ्याचे अंशदान आणि शासनाचा वाटा असे दोन स्तंभ ठेवले, तर ही तपासणी पाच मिनिटांची होईल.

आता विलंबाबद्दल. महागाई भत्त्याचा दर कोणाच्या मर्जीने ठरत नाही. औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाची मागील बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, तिला २.८८ ने गुणून जुन्या मालिकेत आणायचे, त्यातून सातव्या वेतन आयोगाच्या आरंभीची २६१.४२ ही सरासरी वजा करायची आणि उरलेली वाढ २६१.४२ च्या किती टक्के आहे ते काढायचे, असे त्याचे सूत्र आहे. २०२४ या वर्षाची सरासरी १४१.५८३ होती. गुणाकारानंतर ती ४०७.७६ होते आणि टक्केवारी ५५.९८ येते. अपूर्णांक सोडून देण्याच्या पद्धतीमुळे दर ५५ ठरला. ५६ टक्क्यांना दोन शतांशच कमी पडले, याची हळहळ मला वाटली आणि अनेकांना वाटली असेल. हिशेब दर वेळी मूळ आधारापासून नव्याने होत असल्यामुळे सुटलेला अपूर्णांक पुढच्या सहामाहीत मोजला जातो हे खरे, पण त्या सहा महिन्यांपुरता तो कर्मचाऱ्याला मिळत नाही.

या सूत्राचा अर्थ असा की १ जानेवारी २०२५ चा हप्ता ही २०२४ सालात होऊन गेलेल्या भाववाढीची भरपाई आहे. केंद्र शासनाच्या मंत्रिमंडळाने ती २८ मार्च २०२५ रोजी मंजूर केली. राज्यात ती ऑगस्टच्या वेतनाबरोबर मिळाली. त्याआधीच्या ५३ टक्क्यांचेही तसेच झाले होते : दर १ जुलै २०२४ पासूनचा, शासन निर्णय २५ फेब्रुवारी २०२५ चा आणि थकबाकी तीही सात महिन्यांची. ज्या वेळी ५५ टक्क्यांचा शासन निर्णय निघाला, त्या वेळी जून २०२५ पर्यंतचे निर्देशांक प्रसिद्ध झालेले होते आणि त्यांवरून पुढचा दर ५८ टक्के येतो, हे कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन काढता येत होते. केंद्राने १ ऑक्टोबर २०२५ रोजी तोच दर जाहीर केला. राज्याच्या तिजोरीवर किती भार पडतो याचा विचार करूनच निर्णय घ्यावा लागतो, हे मला मान्य आहे, आणि थकबाकी रोखीने दिली जाते याची कृतज्ञ नोंदही मी करते. तरीही दर सहा महिन्यांनी येणारा आणि आधीच मोजता येणारा हा खर्च आहे. त्यासाठी सात महिने थांबावे लागावे, आणि त्या काळासाठी कोणतेही व्याज मिळू नये, याचे समाधानकारक कारण मला सापडत नाही. जिल्हा परिषदा आणि अनुदानित शाळांमधील कर्मचाऱ्यांची थकबाकी अनुदान उपलब्ध होण्यावर अवलंबून असते, त्यामुळे त्यांना याहूनही अधिक थांबावे लागते.

विलंबाचा सर्वाधिक फटका बसतो तो मधल्या काळात निवृत्त होणाऱ्यांना. समजा, ३५,३०० रुपये मूळ वेतन असलेला कर्मचारी ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झाला आणि त्याच्या खाती ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. रजेचे रोखीकरण मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांवर होते, आणि ३०० दिवस म्हणजे दहा महिन्यांची रक्कम. निवृत्तीच्या वेळी दर ५३ टक्के धरून ती ५,४०,०९० रुपये निघाली. ऑगस्टमध्ये दर जानेवारीपासून ५५ टक्के झाल्यावर ती ५,४७,१५० व्हायला हवी. फरक ७,०६० रुपयांचा आहे, आणि त्याशिवाय जानेवारी ते मे या पाच महिन्यांच्या वेतनातील ३,५३० रुपयांची थकबाकीही आहे. सेवेत असलेल्याची थकबाकी ऑगस्टच्या देयकाबरोबर निघते. निवृत्त झालेल्याचे नाव त्या देयकात नसते, त्यामुळे त्याच्यासाठी पुरवणी देयक वेगळे करावे लागते आणि ते कोणीतरी आठवणीने करावे लागते. अनेकदा तो माणूस गावी गेलेला असतो आणि आपले काही येणे आहे याची त्याला कल्पनाही नसते.

म्हणून आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. महागाई भत्त्याचा शासन निर्णय पूर्वलक्षी दिनांकाने आला की त्या दिनांकापासून कार्यालयातून निवृत्त झालेल्या, मृत्यू पावलेल्या आणि बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यांची यादी आस्थापना शाखेकडून त्याच आठवड्यात मागवावी आणि पुरवणी देयके नियमित देयकासोबतच कोषागारात सादर करावीत. आणि वित्त विभागाने पुढच्या शासन निर्णयाला दोन पानांचे परिशिष्ट जोडावे. त्यात वरच्यासारखे सेवेतील एका कर्मचाऱ्याचे आणि निवृत्त झालेल्या एकाचे अशी दोन उदाहरणे सोडवून दाखवावीत, वेतनवाढीच्या महिन्यात मूळ वेतन कसे धरायचे ते स्पष्ट लिहावे, आणि सेवार्थ या वेतन देयकांच्या संगणक प्रणालीतून प्रत्येकाला थकबाकीचा महिनावार तक्ता मिळण्याची सोय करावी. मूळ वेतन, जुना दर, नवा दर, फरक, अंशदान आणि शासनाचा वाटा हे सारे आकडे प्रणालीत असतातच. ते कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवायचे आहेत.

आपली विश्वासू,
आस्थापना शाखेतील एक लिपिक